लेकीचा संस्कृतचा गृहपाठ, फोटो आणि मराठी भाषांतर: आमच्या नोंदी

८ जुलै

मुलगी सातवीत आहे आणि शाळेत तिची तिसरी भाषा संस्कृत आहे. मी शाळेत पूर्ण हिंदी घेतलेलं, बायकोनेही तेच. घरात रामरक्षा सगळ्यांना पाठ, पण 'बालकौ' म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही. माझी नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, घर घणसोलीला. ट्रान्सहार्बरने घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात आणि तोवर तिचा गृहपाठ उरकलेला असतो. म्हणून असं ठरवलं की तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, मी गाडीतच भाषांतराच्या ॲपने त्याचा मराठी अर्थ काढायचा, आणि दोन गोष्टी तिला सांगायच्या: शब्द नीट लिहिलेत का, आणि वाक्याचा अर्थ तिला वाटतो तोच आहे का.

या नोंदी हेच काम करू पाहणाऱ्या आई-बाबांसाठी आहेत. स्वतःला न येणाऱ्या भाषेतला मुलांचा गृहपाठ तपासायचा असेल तर कुठे अडतं, ते जसं घडेल तसं लिहितो.

पहिली अडचण लगेच आली. ॲपमध्ये 'भाषा ओळखा' हा पर्याय चालू ठेवला तर ते संस्कृत पानाला कधी हिंदी समजतं, कधी मराठी. लिपी एकच असल्यामुळे त्याला अंदाजच करावा लागतो. मराठी समजलं की ते भाषांतर करतच नाही, आहे तोच मजकूर परत दाखवतं. तेव्हा मूळ भाषा दर वेळी हाताने 'संस्कृत' निवडायची. संस्कृत या साधनांमध्ये तशी अलीकडेच आली आहे. गूगलच्या भाषांतरात ती मे २०२२ मध्ये आली. म्हणून आधी आपल्या ॲपच्या यादीत ती आहे का ते बघून घ्या.

१० जुलै

आज आख्खी संध्याकाळ फोटोत गेली. ॲप शब्द एकमेकांना चिकटवून वाचत होतं. 'वृक्षस्य अधः' हे त्याला एकच लांबलचक काहीतरी दिसत होतं, आणि दोन ओळींतले शब्द मधूनच एकत्र येत होते.

कारण वहीत सापडलं. मुलगी अक्षरं वहीच्या रेघेला लटकवून लिहिते, म्हणजे तिची शिरोरेखा छापील रेघेवरच येते. देवनागरीत एक शब्द कुठे संपला हे बऱ्याच अंशी शिरोरेखा कुठे तुटली यावरून कळतं. इथे तर छापील रेघ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे. माणसाचा डोळा ती रेघ वगळतो. ॲपला मात्र सगळी ओळ एकाच शिरोरेखेखाली बांधलेली दिसते.

उपाय म्हणून फोटो 'स्कॅन'च्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरमधून काढून पाहिला. रेघा गेल्या, पान स्वच्छ दिसायला लागलं, पण विसर्गाचे ठिपके आणि अनुस्वारही त्याबरोबर गेले. असे फिल्टर बारीक ठिपके धूळ समजून पुसून टाकतात. दुसऱ्या कुठल्या मजकुरात एवढं बिघडलं नसतं. संस्कृतमध्ये 'बालकः' आणि 'बालक' यांत फरक फक्त त्या दोन ठिपक्यांचा आहे. पहिला कर्ता, दुसऱ्याने हाक मारायची. तेव्हा हा फिल्टर वापरायचा नाही.

आणखी एक गोष्ट. चॅटवर साधा फोटो पाठवला की तो लहान होऊन पोचतो आणि फिकट अनुस्वार कागदाच्या रंगात मिसळून जातो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. मुलीला तसं करून दाखवलं. फोटो काढताना पानाचा वरचा भाग कापायचा हेही ठरवलं, कारण तिथे तिचं नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक असतो आणि तो कुठल्याही ॲपला देण्याची गरज नाही.

१३ जुलै

वहीचा नाद सोडला. आता मुलगी आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने कच्चं लिहिते, त्याचा फोटो पाठवते, आणि तपासून झाल्यावर वहीत पक्कं उतरवते. कार्यालयात एका बाजूने छापलेले रद्दी कागद भरपूर असतात, तेच आणले. मागची छपाई आरपार दिसू नये म्हणून खाली काळा पुठ्ठा ठेवायचा.

ती सुरुवातीला कुरकुरली, कारण एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते. "बाबा, तू येईपर्यंत माझं वहीत लिहून होतं, मग परत कशाला?" पण वहीत पेनाने लिहिलेली चूक सांगितली की खाडाखोड होते आणि त्याचे वेगळे गुण जातात, हे तिलाच पटलं. शब्द नीट सुटे दिसायला लागले. एका ओळीखाली दोन बोटं जागा सोडायला सांगितली. त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकणं थांबलं.

पावसाळी अंधार असल्यामुळे खिडकीचा उजेड पुरत नाही, आणि ट्यूबलाइटखाली फोनची सावली नेमकी पानावर पडते. साडेतीनशे रुपयांचा टेबललॅम्प आणून डाव्या बाजूने ठेवला. एवढाच मोठा खर्च.

१५ जुलै

वाचलेल्या मजकुरात एक नवीन भानगड दिसली. मुलीने 'बालकः क्रीडति' लिहिलं होतं, भाषांतर आलं 'मुलगा: खेळतो', म्हणजे नाटकातल्या संवादासारखं. विसर्गाचे ठिपके ॲपने विसर्ग म्हणून न घेता अपूर्णविराम म्हणून घेतले होते. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, पण यंत्राच्या दृष्टीने अगदी वेगळी चिन्हं. अपूर्णविराम आला की ते वाक्य तिथे तोडतं आणि पुढचा भाग वेगळा समजून अर्थ लावतं.

हे डोळ्यांनी पकडणं कठीण आहे. वाचलेला मजकूर फोनमधल्या नोंदवहीत चिकटवायचा आणि शोधाच्या चौकटीत `:` टाकायचं. जिथे जिथे सापडेल तिथे तो काढून `ः` घालायचा. तसंच 'बालकोऽपि' मधला अवग्रह कधी इंग्रजी `S` होऊन येतो, कधी आकडा `5`. तेही शोधून बदलायचं. दोन मिनिटांचं काम, पण ते केल्याशिवाय अर्थाकडे वळायचं नाही.

१७ जुलै

आजची नोंद जरा लांब आहे, कारण सगळं काम इथे उलटलं.

बाईंनी 'मम मित्रम्' या विषयावर स्वतःच्या मनाने सहा वाक्यं लिहायला सांगितली होती. मुलीने लिहिलेला कच्चा कागद जसाच्या तसा इथे देतो:

```
मम मित्रः
राघवः मम मित्रः अस्ति ।
अहं मित्रस्य सह विद्यालये गच्छामि ।
आवां पाठं पठामः ।
सः जलं पिबती ।
द्वौ बालकौ वृक्षस्य अधः उपविशन्ति ।
वृक्षात् पत्राणि पतन्ति ।
```

ॲपने दिलेलं मराठी असं होतं:

```
राघव माझा मित्र आहे.
मी मित्रासोबत शाळेत जाते.
आम्ही दोघे धडा वाचतो.
तो पाणी पितो.
दोन मुले झाडाखाली बसतात.
झाडावरून पत्रे पडतात.
```

पहिली पाच वाक्यं कुठेही न अडखळता वाचता येतात. शेवटचं तेवढं खटकलं, म्हणून शोधलं. 'पत्रम्' म्हणजे पानही आणि पत्रही, ॲपने चुकीचा अर्थ उचलला. हवं होतं 'झाडावरून पाने पडतात'. मुलीला तसं कळवलं आणि तिने वहीत उतरवून काढलं.

वही तपासून आली तेव्हा पहिल्या पाचही वाक्यांवर लाल गोल होते. शीर्षकावरही होता. फक्त शेवटच्या वाक्यावर बरोबरची खूण. म्हणजे ज्या पाच वाक्यांचं मराठी निर्दोष आलं ती पाचही संस्कृतमध्ये चुकलेली होती, आणि ज्या एका वाक्याचं मराठी बिघडलं तेच एक बरोबर होतं.

हा योगायोग नाही असं मला तेव्हाच वाटलं. का ते शोधायला पुढचे काही दिवस गेले.

१९ जुलै

आधी एवढंच तपासलं की चूक नेमकी कुठल्या टप्प्यावर गायब होते. ॲप दोन कामं करतं: आधी फोटोतली अक्षरं वाचून मजकूर बनवतं, मग त्या मजकुराचं भाषांतर करतं. मुलीला मुद्दाम चुकीचे शब्द लिहायला सांगितले. तिला हा गृहपाठ फार आवडला. 'पिबति'च्या जागी 'पिबती', 'गच्छन्ति'च्या जागी 'गछन्ति', 'मित्रम्'च्या जागी पाय न मोडता 'मित्रम', 'उपविशति'च्या जागी पोटफोड्या ष घालून 'उपविषति'.

वाचण्याच्या टप्प्यावर निकाल संमिश्र आला. 'गछन्ति' वाक्यात असेल तर ॲप सरळ 'गच्छन्ति' वाचतं. 'पिबती'ची वेलांटी वाक्यात असताना ऱ्हस्व होऊन आली. तोच शब्द फोटोतून एकटा कापून दिला की मात्र 'पिबती' असाच आला. अंदाज असा की वाचताना ते नुसता आकार बघत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून इथे काय असायला हवं याचाही विचार करतं. मोठ्या माणसाचं घाईतलं अक्षर वाचायला हे फार उपयोगाचं. शुद्धलेखन तपासायला मात्र घातक, कारण आपल्याला जे पोरीने लिहिलंय ते हवं आहे, जे तिला लिहायचं होतं ते नव्हे.

भाषांतराच्या टप्प्यावर तर जी चूक वाचनातून शिल्लक राहिली होती तीही नाहीशी झाली. ॲपचा सगळा प्रयत्न सुरळीत मराठी वाक्य देण्याचा असतो. चुकलेल्या वाक्याचं चुकलेलं भाषांतर ते देत नाही.

यावरून कामाची विभागणी बदलली. शुद्धलेखनाला ॲप अजिबात नाही. त्यासाठी मुलगी स्वतःच्या कागदावरून एकेक शब्द फोड करून मोठ्याने वाचते: "प ला ऱ्हस्व वेलांटी, ब, त ला दीर्घ वेलांटी." मी फोनवर पुस्तकातल्या धड्याचा फोटो समोर ठेवून ऐकतो. गाडीत रबाळेच्या पुढे आवाज नीट येत नाही, पण तेवढ्यात चार ओळी होतात. गंमत अशी की निम्म्या चुका मी काही बोलायच्या आत तिलाच ऐकू येतात. नुसतं बघून वाचताना ती 'पिबति' म्हणूनच वाचून जाते. फोड करताना तोंडाने 'दीर्घ' म्हणावं लागतं आणि तिथे ती थांबते.

२२ जुलै

वाक्याच्या चुका पकडायला उलटं भाषांतर करून पाहिलं. ॲपने दिलेलं मराठी वाक्य परत संस्कृतमध्ये करायचं आणि मुलीच्या वाक्याशी जुळवायचं. कल्पना चांगली वाटली होती, पण टिकली नाही.

'दोन मुले झाडाखाली बसतात' याचं कधी 'द्वौ बालकौ' येतं, कधी 'बालकद्वयम्'. 'बसतात'ला कधी 'उपविशतः', कधी 'तिष्ठतः', आणि कधी चक्क अनेकवचन. यातलं काय चूक आणि काय नुसतं वेगळं, हे ठरवायला मला संस्कृत यायला हवं, आणि नेमकं तेच येत नाही. शिवाय मुलगी स्वतःचं वाक्य खोडून पडद्यावरचं उतरवायला लागली. बाईंनी न शिकवलेले शब्द वहीत दिसायला लागले. दोन दिवस गेले, बंद केलं.

इंग्रजीत भाषांतर करून पाहण्याचाही सल्ला एका सहकाऱ्याने दिला. त्यातही काही हाती लागलं नाही. इंग्रजीतही द्विवचन नाही आणि विभक्तीचे प्रत्यय दिसत नाहीत.

२६ जुलै

शेजारच्या सोसायटीत संस्कृतच्या एक निवृत्त बाई राहतात. आज त्यांच्याकडे लाल गोलांची वही घेऊन गेलो. त्यांनी सहा वाक्यं वाचली आणि म्हणाल्या, "अहो, ही मुलगी संस्कृत चुकत नाहीये. ती मराठीत बरोबर लिहितेय." मग एकेक वाक्य घेऊन दाखवलं. ते इथे सविस्तर लिहितो, कारण मराठी घरातल्या कुठल्याही मुलाच्या वहीत हेच सापडेल.

'मम मित्रः'. मराठीत मित्र पुल्लिंगी, म्हणून तिने रामः, बालकः यांच्यासारखा विसर्ग दिला. संस्कृतमध्ये सोबती या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी, 'मित्रम्'. 'मित्रः' म्हणजे सूर्य. शीर्षकाचा शब्द बाईंनी फळ्यावर बरोबर लिहिला होता, पण मुलीला 'म्' चुकून पडलाय असं वाटलं.

'मित्रस्य सह'. आपण 'मित्राच्या सोबत' म्हणतो, म्हणजे षष्ठी. तिने इमानाने षष्ठी घातली. संस्कृतमध्ये 'सह'बरोबर तृतीया लागते: 'मित्रेण सह'.

'विद्यालये गच्छामि'. आपण 'शाळेत जाते' म्हणतो, तो 'त' सप्तमीचा. 'विद्यालये' ही सप्तमीच आहे. संस्कृतमध्ये मात्र जिथे जायचं ते ठिकाण जाण्याच्या क्रियेचं कर्म होतं, म्हणून द्वितीया: 'विद्यालयं गच्छामि'.

'पठामः' आणि 'उपविशन्ति'. मराठीत दोघांसाठी वेगळं क्रियापद नाही. आपल्याला एक आणि अनेक एवढंच ठाऊक. 'आवां' म्हणजे आम्ही दोघं, हे तिला पाठ आहे, 'बालकौ' म्हणजे दोन मुलं हेही पाठ आहे, पण क्रियापदाशी येईपर्यंत मराठीची सवय वर येते आणि दोन म्हणजे अनेकच होतात. हवं होतं 'पठावः' आणि 'उपविशतः'.

'पिबती' हे तर शुद्धलेखनच. १९६२च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, बुद्धी, गुरू. त्याआधीच्या पुस्तकांत 'कवि', 'बुद्धि' छापायचे. मुलीला मराठीच्या तासाला शेवटची वेलांटी दीर्घ काढल्याबद्दल शाबासकी मिळते आणि संस्कृतच्या तासाला त्याच वेलांटीवर लाल गोल येतो. तिने गोंधळू नये तर काय करावं!

आता सतरा तारखेचं कोडं सुटलं. चुका मराठीतून येतात. आणि आपण तपासायला वाक्य मराठीतच आणतो. 'विद्यालये गच्छामि'चं मराठी 'शाळेत जाते' होणार, आणि बरोबर असलेल्या 'विद्यालयं गच्छामि'चंही 'शाळेत जाते'च होणार. बरोबर आणि चूक दोन्ही मराठीत एकाच जागी येऊन पडतात. ॲप कितीही सुधारलं तरी पूर्ण वाक्याच्या मराठी भाषांतरात ही चूक दिसणारच नाही. उलट मुलगी पडद्याकडे बोट दाखवून म्हणते, "बघ ना, शाळेत जाते असंच आलंय." तिच्या दृष्टीने तो पुरावा असतो.

२८ जुलै

पद्धत पुन्हा मांडली. पूर्ण वाक्याचं भाषांतर आता सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त एका प्रश्नासाठी: तुला हेच म्हणायचं होतं ना?

त्याआधी वाक्य सुटं करायचं. मुलगी क्रियापदाखाली रेघ मारते आणि दोन प्रश्न विचारते: कोण? किती जण? मग कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या नऊ घरांच्या तक्त्यात बोट ठेवते. शेजारच्या बाईंनीच तो लिहून दिला:

```
पठति    पठतः    पठन्ति
पठसि    पठथः    पठथ
पठामि   पठावः   पठामः
```

आडव्या ओळीत एक, दोन, अनेक. उभ्या रांगेत तो, तू, मी. 'द्वौ बालकौ' म्हटलं की बोट पहिल्या ओळीच्या मधल्या घरात. तिथे 'तः' आहे, म्हणजे 'उपविशतः'. 'आवां' म्हटलं की तिसऱ्या ओळीचं मधलं घर, 'पठावः'. मला संस्कृत येत नसतानाही मी हे तपासू शकतो, हा याचा खरा फायदा. मधल्या उभ्या रांगेला तिने पिवळा रंग दिलाय, कारण मराठीची सवय नेमकी तीच रांग वगळते.

नामांसाठी शब्द एकेकटा भाषांतराला देऊन पाहिला. 'विद्यालये' एकटा दिला की 'शाळेत' येतं, 'मित्रेण' दिला की 'मित्राने'. विभक्ती निदान उघडी पडते. पण ॲपचा भरवसा धरण्यापेक्षा रूपावली जवळ ठेवणं बरं. लहानसं पुस्तक आहे, शंभर रुपयांच्या आत मिळालं. 'मित्र' हा शब्द त्यात 'वन'सारखा चालतो, 'राम'सारखा नाही, एवढं मुलीने स्वतः शोधून काढलं.

सह, नमः, गम् असे ठरलेली विभक्ती मागणारे शब्द तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला घेतलेत. नियम म्हणून न लिहिता छोटी वाक्यं लिहिते: 'मित्रेण सह', 'गणेशाय नमः', 'ग्रामं गच्छति'. दुसरं वाक्य तर तिला बालवाडीपासून पाठ आहे; तिथे 'नमः'मुळे चतुर्थी आलीय हे आज कळलं.

२ ऑगस्ट

नवीन पद्धतीने आठ वाक्यांच्या कागदाला पाऊण तास लागतो. फोटो आणि मजकूर सारखा करण्यात दहा मिनिटं, फोड करून वाचण्यात पंधरा, उरलेला वेळ तक्ता आणि रूपावलीत. पूर्वी गाडीत दहा मिनिटांत उरकायचं. रोज एवढा वेळ निघत नाही, म्हणून पुस्तकातले 'एका शब्दात उत्तर लिहा' वगैरे प्रश्न आम्ही सोडून देतो आणि स्वतःच्या मनाने लिहिलेली वाक्यंच या चाळणीतून काढतो. चुका तिथेच होतात.

अनुस्वार आणि 'म्' यांचा घोळ राहिला होता, तो आज मार्गी लागला. 'अहं फलं खादामि' यात अनुस्वार, कारण पुढे व्यंजन. 'अहम् आम्रं खादामि' यात पाय मोडका म्, कारण पुढे स्वर. वाक्य संपताना पुन्हा म्: 'एतत् फलम्'. वाचून घेतलेल्या मजकुराचा इथे काही उपयोग नाही. ॲप कधी ठिपक्याचं 'म्' करतं, कधी 'म्'चा पाय गिळून नुसता 'म' ठेवतं. फोटो दीडपट मोठा करून डोळ्यांनीच बघावं लागतं. मुलगी पाय इतका छोटा मोडते की तो पेन्सिलीचा ओरखडा वाटतो. तो लांब काढायला सांगितला. परीक्षेत बाईंनाही तो दिसायला हवा.

तिच्या अक्षरातल्या दोन जोड्या ॲपला कधीच धड कळत नाहीत: घ आणि ध, भ आणि म. धला शिरोरेखा अर्धी तोडायची ती ती तोडत नाही, त्यामुळे 'अधः'चं 'अघः' होतं आणि भाषांतरात झाडाखाली एकदम पाप येतं. 'अघ' म्हणजे पाप. भाषांतरात असं काही विचित्र दिसलं तर आता आम्ही वाक्याला दोष न देता आधी तेवढं अक्षर बघतो. विचित्र मराठी हा खरंतर चांगला संकेत आहे. गुळगुळीत मराठी आली की जास्त सावध राहायचं.

९ ऑगस्ट

संधी सुरू झाल्या, आणि पद्धत अडली. 'नास्ति', 'विद्यालयोऽस्ति', 'तत्रैव' असे शब्द रूपावलीत सापडत नाहीत, कारण ते दोन-दोन शब्द आहेत. एकेकटा शब्द भाषांतराला दिला तरी ॲप कधी दोन्हींचा अर्थ देतं, कधी एकच उचलतं. अवग्रह हाताने घातला असेल तर बरं जमतं.

सध्या मुलगी संधीच्या शब्दाखाली फोड लिहिते: 'विद्यालयः अस्ति', 'तत्र एव'. ती फोड पुस्तकातल्या धड्याखालच्या संधींशी जुळली तरच पुढे जायचं. ज्या संधीची फोड धड्यात दिलेली नाही त्या कागदावर गोल करून ठेवतो आणि रविवारी शेजारच्या बाईंकडे घेऊन जातो. आज तीन जमल्या आहेत. त्यात 'सोऽपि' आहे, जो ॲपने `सो5पि` वाचला, आणि 'पुनरपि', ज्याची फोड मुलगी 'पुन रपि' करून बसली आहे.

घटक चाचणी २१ तारखेला आहे. तिच्यात संधी चार गुणांना आणि स्वतःची पाच वाक्यं पाच गुणांना. म्हणून या आठवड्यात रोज वाक्यंच, एक दिवसाआड संधी.

१० ऑगस्ट

बाईंनी 'पुनरपि'ची फोड 'पुनः अपि' अशी करून दिली आणि विसर्गाचा र् कसा होतो ते 'अन्तः आत्मा' म्हणजे 'अन्तरात्मा' यावरून समजावलं. मुलीने लगेच 'पुनरागमनाय च' म्हटलं. गणपती विसर्जनाला म्हणतो तेच. 'पुनः आगमनाय'. तक्त्याशेजारी कपाटावर दुसरा कागद चिकटवला आहे, त्यावर र् होणाऱ्या विसर्गाचे शब्द जमवायचे. 'निः आधार' म्हणजे 'निराधार' हा चौथा तिने रात्री जेवताना शोधला. पाचवा माझ्याकडे मागितला आहे, उद्या गाडीत विचार करतो.